बजेट गुरुवारी वाढलं, फुगवटा रविवारचा होता

साताऱ्याजवळच्या एका गावात कांदा-लसूण मसाला करून विकणारं एक घर आहे असं समजू. मसाला काकू करतात आणि मोबाइलवरच्या जाहिराती त्यांचा पुतण्या बघतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवर रोज हजार रुपयांची जाहिरात चालते, ऑर्डरी वेबसाइटवर येतात, माल कुरिअरने जातो. घर बेतलेलं आहे आणि आकडेही समजावण्यापुरते सोयीचे घेतले आहेत, पण असं घर शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

एका गुरुवारी सकाळी पुतण्याने रोजचं बजेट हजारावरून दीड हजार केलं. रविवारी रात्री तो मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आला. "काकू, डबल! सोमवार ते बुधवार मिळून २९ ऑर्डरी होत्या, म्हणजे दिवसाला जेमतेम दहा. बजेट वाढवल्यापासून चार दिवसांत ८३. दिवसाला एकवीस पडल्या!" त्याने पुढचा हिशोबही केला होता. आधी तीन हजार रुपयांत २९ ऑर्डरी, म्हणजे एका ऑर्डरमागे १०३ रुपये जाहिरातीला जात होते. आता सहा हजारांत ८३, म्हणजे ७२ रुपये. खर्च वाढवला आणि वर ऑर्डर स्वस्तही पडायला लागली. दोन हजार करायला हरकत नाही, असं त्याचं मत होतं.

काकू म्हणाल्या, "रविवारी नेहमीच जास्त येतात की रे."

या एका वाक्यात पुतण्याचा सगळा हिशोब कोसळतो. त्यांच्याकडे बजेट वाढवण्याआधीचा नेहमीचा आठवडा असा असायचा: सोमवारी ९, मंगळवारी १०, बुधवारी १०, गुरुवारी ११, शुक्रवारी १३, शनिवारी २१ आणि रविवारी २४. एकूण ९८. कुणी काहीही बदललं नाही तरी दर आठवड्याला बुधवारपासून रविवारपर्यंत ऑर्डरी दुपटीच्या वर जातात, कारण शनिवार-रविवारी लोक निवांत असतात, मोबाइल हातात असतो आणि घरात काय संपलंय याची आठवण होते. पुतण्याने आठवड्याच्या ओसरत्या तीन दिवसांची तुलना भरतीच्या चार दिवसांशी केली, आणि मधला फरक बजेटच्या खात्यावर मांडला.

ज्या गावात मंगळवारी आठवडी बाजार भरतो, तिथला कुठलाही दुकानदार मंगळवारचा गल्ला बुधवारच्या गल्ल्याशी ताडून पाहत नाही. बाजाराचा दिवस डोळ्यांना दिसतो. मोबाइलवरच्या आलेखात मात्र तो दिसत नाही. तिथे नुसती वरखाली जाणारी रेघ असते, आणि आपण कालच काहीतरी बदललेलं असतं.

वाराचा हा परिणाम काढून टाकायचा साधा उपाय म्हणजे सात दिवसांची सरकती सरासरी, ज्याला बहुतेक जण रोलिंग अ‍ॅव्हरेज म्हणतात. आजचा आकडा एकटा न पाहता आज धरून मागच्या सात दिवसांची बेरीज करायची आणि सातने भागायचं. उद्या तेच, फक्त सर्वांत जुना दिवस बाहेर जातो आणि उद्याचा आत येतो. आपल्याकडे ही रेघ घरोघरी पोहोचली ती कोरोनाच्या काळात. रविवारी चाचण्या कमी व्हायच्या, त्यामुळे सोमवारचा रुग्णांचा आकडा अनेकदा खाली दिसायचा. साथ ओसरतेय असं वाटेपर्यंत बुधवारी तो पुन्हा वर जायचा. वर्तमानपत्रांनी रोजच्या काठ्यांवरून एक सपाट रेघ ओढायला सुरुवात केली, ती सात दिवसांच्या सरासरीची होती.

सातच का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. कुठलेही सलग सात दिवस घ्या, त्यांत प्रत्येक वार बरोबर एकदा येतो. गुरुवार ते बुधवार घ्या नाहीतर रविवार ते शनिवार, एकच शनिवार आणि एकच रविवार. म्हणून वाराचा परिणाम सगळ्या बेरजांमध्ये सारखाच पडतो आणि तुलनेतून निघून जातो. पाच दिवसांच्या सरासरीत हे होत नाही, दहा दिवसांच्याही नाही, कारण दहा दिवसांत तीन वार दोनदा येतात. ते तीन शुक्रवार-शनिवार-रविवार आहेत की सोमवार-मंगळवार-बुधवार, यावर आकडा नाचतो. चौदा आणि अठ्ठावीस चालतात. महिना मात्र दगा देतो. एका महिन्यात चार रविवार असतात, दुसऱ्यात पाच, आणि दुकानदार म्हणतो या महिन्यात धंदा वाढला.

आता काकूंच्या घरचा पुढचा हिशोब. बजेट वाढल्यावर गुरुवारी १३ ऑर्डरी आल्या, शुक्रवारी १६, शनिवारी २५, रविवारी २९, मग सोमवारी ११, मंगळवारी १२ आणि बुधवारी १२. सात दिवसांत ११८. आधी ९८ होत्या, म्हणजे रोजची सरासरी १४ वरून जवळजवळ १७ वर आली. वाढ आहे, पण दुप्पट नाही. वाढ आहे साधारण पाचव्या हिश्शाएवढी. खर्च मात्र आठवड्याला ७,००० वरून १०,५०० झाला, म्हणजे दीडपट.

ऑर्डरमागचा जाहिरातखर्च आधी ७१ रुपये होता, आता ८९ झाला. इथे पुतण्या म्हणेल, "ठीक आहे की काकू, मिरची, कुरिअर, डबे सगळं वजा करून एका ऑर्डरमागे आपल्याला ११० सुटतात. ८९ दिले तरी २१ उरतातच." हा दुसरा खड्डा आहे आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा खोल आहे. ८९ ही सगळ्या ऑर्डरींची सरासरी आहे. त्यातल्या ९८ ऑर्डरी जुन्या बजेटमध्येही येतच होत्या. वाढवलेल्या ३,५०० रुपयांनी फक्त वरच्या २० आणल्या. म्हणजे त्या वीसपैकी प्रत्येक ऑर्डर १७५ रुपयांना पडली, आणि तिच्यातून सुटले ११०. आठवड्याचा नफाच पाहा: आधी ९८ ऑर्डरींचे १०,७८० रुपये, त्यातून जाहिरातीचे ७,००० गेले की हाती ३,७८०. आता ११८ ऑर्डरींचे १२,९८०, त्यातून १०,५०० गेले की हाती २,४८०. काकू जास्त मसाला कांडतायत, जास्त डबे भरतायत आणि आठवड्याला १,३०० रुपये कमी मिळवतायत.

असं का होतं, तर जाहिरात दाखवणारी यंत्रणा साधारणपणे आधी त्या लोकांना गाठते जे घेण्याची शक्यता जास्त असते. पैसे वाढवले की ती त्यांच्यापलीकडे जाते, किंवा त्याच लोकांना तीच जाहिरात पुन्हा पुन्हा दाखवते. पुढचा प्रत्येक रुपया आधीच्या रुपयापेक्षा थोडं कमी काम करतो. म्हणून बजेटचा निवाडा सरासरी किमतीवर न करता वाढीव खर्च आणि वाढीव ऑर्डरी एवढ्यांवरच करावा लागतो, आणि वाढीव ऑर्डरी किती ते कळायचं तर वार आधी बाहेर काढावा लागतो.

सरकत्या सरासरीची रेघ वाचतानाही एक गफलत होते. बजेट वाढवल्या दिवसापासून काकूंची सरासरी अशी चढली: १४.३, १४.७, १५.३, १६, १६.३, १६.६ आणि सातव्या दिवशी १६.९. पाहणाऱ्याला वाटतं, परिणाम रोज वाढतोय. आठव्या दिवशी रेघ सपाट होते, आणि मग "जाहिरात जुनी झाली, व्हिडिओ बदलायला हवा" अशी चर्चा सुरू होते. प्रत्यक्षात दोन्ही खोटं आहे. ऑर्डरी पहिल्याच दिवशी वरच्या पायरीवर गेल्या होत्या. पहिल्या दिवशीच्या सरासरीत एकच नवा दिवस आणि सहा जुने होते, दुसऱ्या दिवशी दोन नवे आणि पाच जुने. जुने दिवस एकेक करून बाहेर पडत होते, म्हणून रेघ चढत होती. बजेट बदलल्यापासून पहिले सहा दिवस ही सरासरी भेसळीची असते आणि तिच्यावरून काहीही ठरवायचं नसतं. बदलाआधीचे शेवटचे पूर्ण सात दिवस आणि बदलानंतरचे पूर्ण सात दिवस, एवढीच तुलना शुद्ध.

घाईच असेल तर एक तडजोड आहे. गुरुवार ते रविवार या चार दिवसांची तुलना मागच्या आठवड्याच्या गुरुवार ते रविवारशी करावी. काकूंच्या बाबतीत ६९ ऑर्डरींच्या ८३ झाल्या. रविवारी रात्रीच पुतण्याला कळलं असतं की दोन हजार रुपये जास्त घालून चौदा ऑर्डरी वाढल्या आहेत.

खर्चाच्या बाजूलाही सात दिवसांचीच बेरीज घ्यावी लागते, कारण रोजचं बजेट रोज तेवढंच खर्च होत नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक मेटा हिच्या सध्याच्या नियमानुसार एखाद्या दिवशी ठरवलेल्या रकमेपेक्षा ७५ टक्क्यांपर्यंत जास्त खर्च होऊ शकतो. फक्त आठवड्याचा एकूण खर्च रोजच्या रकमेच्या सातपटीच्या पुढे जात नाही. गूगलवर एका दिवसात दुपटीपर्यंत जातो आणि महिन्याला ३०.४ पटीची मर्यादा असते. म्हणजे शनिवारी दीड हजारांऐवजी अडीच हजार गेलेले असू शकतात. हिशोबात बजेटचा आकडा न घालता खरोखर गेलेले पैसे घालायचे.

ऑर्डरींचा आकडा कुठून घ्यायचा, यातही मेख आहे. मेटाच्या अहवालात ऑर्डर ज्या दिवशी आली त्या दिवशी न नोंदता, गिऱ्हाइकाने जाहिरात पाहिली किंवा तिच्यावर बोट ठेवलं त्या दिवशी नोंदली जाते, आणि बोट ठेवल्यापासून सात दिवसांत आलेली ऑर्डर साधारणपणे धरली जाते. म्हणून गुरुवारचा आकडा रविवारी पाहिला तर तो अजून कच्चा असतो. पुढच्या गुरुवारपर्यंत त्यात भर पडत राहते. अशा अहवालावर विसंबलं तर बदलानंतरचे दिवस नेहमी आहेत त्यापेक्षा वाईट दिसतात. आपली ऑर्डरींची वही किंवा वेबसाइटची यादी घ्यावी हे बरं. तिच्यात जाहिरातीविना आलेल्या ऑर्डरीही असतात, पण आपल्याला एकूण किती वाढलं हेच पाहायचं आहे.

हे सगळं करायला साधी एक्सेल किंवा गूगल शीट पुरते. अ स्तंभात तारीख, ब मध्ये खरा खर्च, क मध्ये ऑर्डरी असं मांडलं (शीटवर ते A, B, C असतात), तर आठव्या ओळीपासून पुढे ही दोन सूत्रं खाली ओढायची:

```
=AVERAGE(C2:C8)
=SUM(B2:B8)/SUM(C2:C8)
```

दुसरं सूत्र ऑर्डरमागच्या खर्चाचं आहे आणि त्यात आधी बेरजा, मग भागाकार, हा क्रम महत्त्वाचा. रोजचा ऑर्डरमागचा खर्च काढून त्या सात आकड्यांची सरासरी घेतली तर काकूंच्या जुन्या आठवड्यात ७१ ऐवजी ८१ रुपये येतात, कारण नऊ ऑर्डरींच्या सोमवारला चोवीस ऑर्डरींच्या रविवारएवढंच वजन मिळतं. आणखी एक बारीक गोष्ट: ज्या दिवशी एकही ऑर्डर आली नाही त्या दिवशी शून्य लिहायचं, घर रिकामं सोडायचं नाही. रिकामं घर AVERAGE मोजतच नाही. सहा दिवसांची बेरीज सहाने भागली जाते आणि सरासरी फुगते.

ही सरासरी वार काढते, बाकी काही काढत नाही. समजा कुणा प्रसिद्ध बाईंनी एका बुधवारी काकूंच्या मसाल्याचं कौतुक केलं आणि त्या दिवशी साठ ऑर्डरी आल्या. त्या साठ पुढचे सात दिवस सरासरीत ठाण मांडून बसतात. आठव्या दिवशी त्या बाहेर पडतात आणि रेघ एकदम खाली कोसळते. त्या आठव्या दिवशी प्रत्यक्षात काहीच घडलेलं नसतं. रेघेत अचानक पडझड दिसली की आज काय झालं हे शोधण्याआधी सात दिवसांपूर्वी काय झालं होतं ते पाहावं.

सपाट केलेल्या रेघेत लाटाही दिसतात, आणि त्या खऱ्या असतीलच असं नाही. येवगेनी स्लुत्स्की या अर्थशास्त्रज्ञाने १९२७ साली हे दाखवून दिलं. त्याने लॉटरीच्या सोडतीत निघालेले आकडे घेतले, म्हणजे ज्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही असे, आणि त्यांच्या सरकत्या बेरजा काढल्या. त्यातून जी रेघ आली ती इंग्लंडमधल्या व्यापारातल्या तेजी-मंदीच्या आलेखाशी थक्क व्हावं इतकी जुळत होती. शेजारशेजारच्या दोन सरासऱ्यांमध्ये सातांपैकी सहा दिवस तेच असतात, त्यामुळे त्या एकमेकींच्या मागे चालणारच. "तीन दिवस झाले, सरासरी सलग चढतेय" या वाक्यात वाटतो तेवढा पुरावा नसतो.

राहिला प्रश्न नशिबाचा. ऑर्डरी आपापल्या स्वतंत्र येत असतील तर आठवड्याच्या एकूण आकड्यात साधारण त्याच्या वर्गमुळाएवढी वधघट आपोआपच होते. ९८ चं वर्गमूळ जवळजवळ १०. म्हणजे काकूंनी काहीही न बदलता एखादा आठवडा ८८ चा गेला आणि एखादा १०८ चा, तर त्यात नवल नाही. दोन आठवड्यांची वजाबाकी केली की ही अनिश्चितता आणखी वाढते. ९८ आणि ११८ मधल्या वीसच्या फरकात पंधराएक ऑर्डरींची वधघट नुसती योगायोगाची असू शकते. वाढीव ३,५०० रुपये भरून निघायला ३२ जास्तीच्या ऑर्डरी हव्या होत्या. वीस आल्या. एका आठवड्यावरून हा तोटा पक्का आहे असं म्हणता येत नाही, आणि फायदा झाला असं तर मुळीच म्हणता येत नाही. माझ्या हिशोबाने अशा वेळी पुराव्याची जबाबदारी वाढीव खर्चावर असते, म्हणून काकूंनी बजेट परत हजारावर आणावं, किंवा फार तर साडेबाराशे करून पाहावं.

साडेबाराशे करायचं तर आठवड्याला १,७५० रुपये जास्त जातील आणि ते वसूल व्हायला सोळा ऑर्डरी वाढायला हव्यात. सोळाचा फरक एका आठवड्याच्या गोंधळात हरवून जातो. त्यासाठी आधीचे २८ दिवस आणि नंतरचे २८ दिवस घ्यावे लागतील, म्हणजे प्रत्येक वार दोन्हीकडे चारदा येईल, पगाराचा आठवडाही दोन्हीकडे एकदा येईल. दिवसाला दोन-तीनच ऑर्डरी येणाऱ्या घरांनी तर सात दिवसांच्या सरासरीवर विसंबूच नये, पहिल्यापासून अठ्ठावीसच धरावेत. त्या काळात किंमत, फोटो, कुरिअरचा आकार, यातलं काहीही बदलायचं नाही, आणि बजेट बदलल्याची तारीख शीटवर त्या ओळीसमोर लिहून ठेवायची.

असे छप्पन दिवस आपल्या पंचांगात सहज सापडत नाहीत. श्रावणापासून दिवाळीपर्यंत सणांमागून सण येतात आणि सात दिवसांच्या सरासरीला गणपती काढून टाकता येत नाहीत. मसाल्याच्या धंद्यात होळीनंतर उन्हाळी कांडपाचा हंगाम सुरू होतो, तोही गेला. संक्रांत उरकली की होळीपर्यंतचे आठवडे त्यातल्या त्यात सपाट असतात. बजेटचा प्रयोग करायचा असेल तर तेव्हा करा.